पाटीखालचा मजकूर

माणसं केकवर काय वाटेल ते लिहून मागतात. एका बाईंनी नवऱ्यासाठी 'घोरणं कमी करा, प्रेम आहेच' असं मागितलं होतं. एका ऑफिसातल्यांनी साहेबांच्या निरोपाच्या केकवर 'अखेर' एवढाच शब्द मागितला, आणि साहेबांनी तो हसत हसत कापला म्हणे. मी काही बोलत नाही. बेकरीच्या मागच्या खोलीत ओट्यापाशी उभी राहून मी आजवर किती लोकांच्या शुभेच्छा लिहिल्या असतील, देव जाणे. हात न थरथरता लिहायचं एवढंच माझं काम, मत द्यायचं नाही. पण त्या दिवशी मालकांनी जी ऑर्डर माझ्यापुढे ठेवली, ती वाचून माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"बाई, ही तुमच्याच घरची," मालक म्हणाले. चेहऱ्यावर हे एवढं हसू. "जावयांचा फोन होता. म्हणाले, आईंच्याच हातचं अक्षर हवं. संध्याकाळी न्यायलाही तुम्हीच."

ऑर्डर होती: लोण्याच्या क्रीमचा गोल केक, वर पांढऱ्या चॉकलेटची पाटी, आणि पाटीवर मजकूर, 'जगातल्या बेस्ट मम्मीला, तुझ्या पिल्लाकडून'.

मी दोनदा वाचलं. "नाव कुठाय?"

"कुणाचं?"

"जिचा वाढदिवस आहे तिचं!"

"मम्मीला लिहिलंय की," मालक म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि त्यांचा काही दोषही नव्हता. सध्या कुणालाच कळत नव्हतं.

माझी लेक नुकतीच बाळंत झाली होती. पोट फाडून बाळ बाहेर काढलं, टाके अजून ओढत होते, आणि तेव्हापासून माझी पोर कुठे गेली ते मला सापडेना. दवाखान्यात नर्स म्हणायची, "बाळाची आई, कूस बदला." जेवण वाढणारा म्हणायचा, "बाळाच्या आईचं ताट." घरी आली तर सासरे दारातून विचारणार, "बाळाची आई झोपलीय का?" नवरासुद्धा, चांगला मुलगा आहे हो, पण तोही स्वयंपाकघरातून ओरडणार, "मम्मा, बाटली कुठाय?" अरे, तुझी मम्मा तिकडे गॅसपाशी उभी आहे, ही तुझी बायको!

आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. "आई, उद्या माझा वाढदिवस आहे, माहितीय? मी विसरलेच होते. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघताना आठवलं." मग हसली. "आणि गंमत सांगू? मला कुणी हाकच मारत नाही गं. कुणी नाव घेऊन बोलावलं तर मी वळून बघेन की नाही, कोण जाणे." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" तर एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आई, मी आहे का गं अजून?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात पलीकडे बाळ रडलं, आणि "ठेवते गं," म्हणून तिने फोन ठेवून दिला.

त्या क्षणी मी ठरवलं. उद्या तिच्या वाढदिवसाला कुणीतरी तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारेल, चारचौघांत, सगळ्यांच्या कानावर पडेल अशी. आणि ते कुणीतरी म्हणजे मी. मग ज्याला जे वाटायचं ते वाटू दे.

आणि आता ही ऑर्डर. बेस्ट मम्मी म्हणे!

"मी हे लिहिणार नाही," मी मालकांना म्हणाले.

"बाई!" मालकांचं हसू मावळलं. "आपला नियम तुम्हीच नव्या लोकांना शिकवता. गिऱ्हाईक देईल तो मजकूर, अक्षराला अक्षर. बदलायचं तर गिऱ्हाइकाला विचारायचं."

विचारलं. जावयांना तिथल्या तिथे फोन लावला. बिचाऱ्याच्या आवाजातच झोप होती. "आई, तो मजकूर माझ्या आईनं सुचवलाय. तिनं केवढा विचार करून काढलाय! संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन तीच वाचून दाखवणार आहे, बाळाच्या वतीनं. आता बदला म्हटलं तर तिला वाईट वाटेल हो."

"अहो, पण वाढदिवस माझ्या लेकीचा आहे ना?"

"तिलाही आवडेल की. आता आई झालीय ती!" हे तो इतक्या कौतुकानं म्हणाला की मला त्याला रागवताही येईना. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मग ओट्यावरच्या रिकाम्या भांड्याला रागावले.

दुसरा केक न्यायचा का? तर विहीणबाई म्हणणार, आमचा केक पसंत नाही वाटतं. मग रात्रभर त्याचीच चर्चा, आणि ती ऐकावी लागणार माझ्या लेकीला. पाटी लिहायलाच नको म्हणावं, तर मालक दुसऱ्या कुणाकडून लिहून घेणार. कार्ड द्यावं तर ते बाळाच्या कपड्यांच्या ढिगाखाली जाणार, तिथे आधीच दहा कार्डं पडलेली, सगळी बाळाला आलेली. फोनवर मेसेज टाकावा तर घरच्या ग्रुपची तऱ्हा सकाळीच बघितली होती. माझ्या थोरल्या बहिणीनं पहाटेच शुभेच्छा टाकलेल्या, 'आता कळेल तुला आई होणं म्हणजे काय!' त्याखाली सगळ्यांचे अंगठे. भाच्यानं बाळाचा फोटो टाकलेला. आत्यानं लिहिलेलं, 'यंदाचं गिफ्ट सर्वात भारी.' त्या सगळ्या लांबलचक गर्दीत जिचा वाढदिवस तिचा फोटो एक नाही. नाही म्हणायला एका फोटोत तिचा हात दिसत होता, बाळाच्या मानेखाली.

मी पांढरं चॉकलेट वितळायला ठेवलं. हे काम घाईचं नाही. खाली गरम पाणी, वर भांडं, आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा आत उडता कामा नये, नाहीतर सगळं चॉकलेट गोळा होऊन बसतं. वितळलं की मेणकागदावर पातळ पसरायचं, आणि पुरतं घट्ट व्हायच्या आत सुरीनं पाटी कापायची. उशीर झाला की तडकते. मी कापत होते आणि मला माझी लेक आठवत होती. लहानपणी शाळा सुटली की ती इथेच यायची, मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यावर बसायची. ज्या पाट्यांवर माझं अक्षर चुकायचं किंवा ज्या तडकायच्या, त्या सगळ्या तिच्या. घरी जाऊन बापाला सांगायची, "आज मी एक काका खाल्ले. आणि अर्धे मुख्याध्यापक." कुणाच्याही वाढदिवसाला गेली की केक राहिला बाजूला, हिचा हात आधी पाटीवर. कितीदा फटका दिला असेल मी त्या हातावर! पण नाही सुधारली. लग्नात स्वतःच्या केकवरची पाटीसुद्धा कापायच्या आधी उचलून खाल्ली होती बयेनं, आणि नवऱ्याला म्हणाली होती, "तुझं नाव गोड आहे."

सुरी हातातच राहिली माझ्या.

पाटी ती उचलणारच. आणि पाटीखाली काय लिहायचं, हे ऑर्डरमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं!

मला एकटीलाच हसू फुटलं. विहीणबाईंची पाटी वर, अक्षराला अक्षर, कुणाच्या बापाला बोट दाखवता येणार नाही अशी. आणि तिच्या खाली केकवर माझा मजकूर. जिला पाटी आधी खायची सवय, तिच्याच हाताखाली तो उघडणार.

आता प्रश्न एकच होता, लिहायचं काय. तुम्ही म्हणाल, हिला काय अवघड, दिवसभर हेच करते. अहो, लोकांचं सोपं असतं! मी मेणकागदाचा तुकडा घेतला, पेन्सिल घेतली आणि 'भिंगरी' लिहिलं. हे तिचं घरातलं नाव. चालायला लागली तीच गोल गोल फिरत, पडेपर्यंत फिरायची, उठून परत फिरायची. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं, पण हाक मारायची ती हीच.

'भिंगरी' लिहिलं आणि त्यापुढे हात आपोआप लिहून गेला, 'आता तू आई झालीस'. खोडलं. पुन्हा लिहिलं, 'स्वतःला आणि बाळाला जप'. हे वाचून तर मला माझाच राग आला. हे औषधाच्या दुकानात लिहितात, वाढदिवसाला नाही. बाळ बघा कसं घुसतंय! दाराला कडी लावली तरी खिडकीतून आत. मग म्हटलं, बाळ नको, आपण तिच्या जन्माचं लिहू. 'तू जन्मलीस त्या दिवशी मी'... आणि थांबले. आता मी घुसले होते. त्या दिवशी मला किती कळा आल्या, मी कशी घाबरले होते, मला काय वाटलं. बाई गं, तिच्या वाढदिवसाला तिनं तुझं कौतुक करायचं का? बहिणीचा मेसेजसुद्धा तसाच होता. 'आता कळेल' म्हणजे काय? म्हणजे आता आमची किंमत कळेल. शुभेच्छा द्यायच्या नावाखाली जुनी उधारी वसूल करायची! मी नाही लिहिणार असलं. तिला काही कळायला नको. तिला झोप मिळाली तरी पुष्कळ आहे.

'तू खूप चांगली आई आहेस' हेही लिहून बघितलं, खोटं कशाला बोलू. वाईट नव्हतं. पण तेही मार्क दिल्यासारखं झालं. आज पास केलं, तर उद्या बाळ रात्रभर रडलं की पोर स्वतःला नापास करणार.

मग मी बाळ काढलं, आई काढली, मला काढलं, सल्ला काढला. खाली काय उरलं? ती उरली. तिला मी काय म्हणणार? फोनवर तिनं विचारलं होतं तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर माझ्या तोंडात होतंच की. मी ते लिहिलं. एवढंसंच झालं, आणि पाटीच्या मापात बसलं.

केक फ्रीजमधून काढला. क्रीम चांगलं थंड आणि टणक लागतं, मग त्यावर चॉकलेट टेकलं की जागच्या जागी बसतं, पसरत नाही. काळं चॉकलेट कागदाच्या कोनात भरलं, टोक केसाएवढं कापलं आणि थेंब ओठाला लावून बघितला. ओठाला गरम लागलं तर क्रीम वितळवतं, गार लागलं तर धागा तुटतो. मजकुराचा कागद केकवर ठेवून टाचणीनं सुरुवात आणि शेवट टोचून घेतले, कारण आमच्या अक्षरांचं सगळं वरच्या रेघेवर असतं. रेघ वाकडी तर सगळं वाकडं, आणि वेलांटीला वर जागा सोडली नाही तर ती कुठे काढणार, हवेत? आधी रेघ ओढली. मग एकेक अक्षर तिला लटकवत गेले. हात नाही थरथरला, पण नाक गळत होतं. ते खांद्याला पुसलं.

मग पाटीवर विहीणबाईंचा मजकूर लिहिला. मुद्दाम माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिला, कमी करायचं काही कारण नव्हतं. मजकुराच्या चारी कोपऱ्यांपलीकडे क्रीमचे चार गोळे काढले, गार केले आणि त्यांच्यावर पाटी अलगद टेकवली, म्हणजे खालच्या अक्षरांना ती चिकटणार नाही.

मागे वळले तर मालक. केव्हापासून उभे होते कुणास ठाऊक.

"बाई, ते खाली काय?"

"ऑर्डरमध्ये लिहिलंय ते वर आहे," मी म्हणाले. "एक काना इकडचा तिकडे झाला असेल तर दाखवा. खाली काय असावं ते गिऱ्हाइकानं सांगितलेलं नाही. तिथे आपण नेहमी आपल्या मनानंच सजवतो."

मालकांनी वाकून फटीतून बघायचा प्रयत्न केला. दिसलं काही नाही. "तक्रार आली तर?"

"तर माझं नाव सांगा. मला नाव आहे!"

हे जरा मोठ्यानंच म्हटलं मी. भट्टीपाशी काम करणाऱ्यांनी माना वळवल्या. मालकांनी स्वतः खोका आणून दिला, दोरी बांधली आणि वर म्हणाले, "सपाट धरा हो." तेवढं बरं वाटलं.

लेकीच्या घरी पोहोचले तर बैठकीत सगळे जमलेले. जावई, त्याचे वडील, विहीणबाई. टेबलावर रिकामी जागा करून ठेवलेली, बाजूला बाळाच्या टोप्या, पावडर, बाटल्या. माझी लेक कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. केस कसेतरी बांधलेले, खांद्यावर दुधाचं फडकं आणि फडक्यावर बाळ. मला बघून हसली, पण हसू तोंडापुरतंच.

"या, या, विहीणबाई!" विहीणबाईंनी खोका उघडला आणि त्यांचे डोळे चमकले. "काय अक्षर आहे! अगदी मोत्यासारखं!" त्यांनी बाळाला हलकेच उचलून मांडीवर घेतलं आणि बारीक आवाज काढून वाचलं, "'जगातल्या बेस्ट मम्मीला, तुझ्या पिल्लाकडून!' ऐकलंस का गं, बाळाची आई? बघ, काय म्हणतंय तुझं पिल्लू!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक म्हणाली, "छान आहे." खरंच छान म्हणाली, मनापासून, थकलेल्या माणसाला जेवढं मनापासून म्हणता येतं तेवढं.

मी तिच्या हाताकडे बघत होते. घे, घे ना पाटी. आता तर दोन्ही हात मोकळे आहेत तुझे!

हात मांडीवरच पडून राहिला. जावयानं सुरी तिच्या हातात दिली, तर ती सुरी घेऊन उभी राहिली आणि पाटीसकट केक कापायला निघाली. पाटी न खाता केक कापणारी ही कोण? ही माझी लेक नव्हेच. म्हणजे ती म्हणत होती ते खरं होतं की काय!

"अगं, पाटी!" माझ्या तोंडून निघालं.

"असू दे गं आई," ती म्हणाली. "कोण खातंय आता."

रडू आलं मला. पण रडण्यात वेळ घालवणारी मी नाही. मी तोंड उघडणार, सगळं सांगून टाकणार, झाली पंचाईत तर होऊ दे, असं म्हणणार, तेवढ्यात विहीणबाईच ओरडल्या, "थांब, थांब! पाटी तोडू नकोस. माझ्या पिल्लाची पहिली शुभेच्छा आहे ती, फ्रीजमध्ये जपून ठेवायची." आणि बाळाला जावयाकडे देऊन त्यांनी स्वतःच दोन बोटांनी पाटी अलगद उचलली.

"अगंबाई, खाली आणखी लिहिलंय!" त्यांना वाटलं हाही सरप्राइजचाच भाग. चष्मा सारखा करून त्या खाली वाकल्या, आणि मघासारख्याच उत्साहात, सगळ्या घराला ऐकू जाईल असं त्यांनी वाचलं:

"'भिंगरी, तू आहेस. आधी तू, मग बाकी सगळं. वाढदिवसाच्या शुभेच्छा. आई.'"

विहीणबाईंनी वर बघितलं, पाटी हातात तशीच. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"भिंगरी कोण?" त्यांनी विचारलं.

या घरात हे नाव कुणाला ठाऊकच नव्हतं! सांगायचं राहून गेलं होतं, आणि विचारायचंही. मी सांगणार होते. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. पण मी गप्प राहिले, कारण प्रश्न मला नव्हताच.

"मी," माझी लेक म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की जावयानं "काय?" म्हणून विचारलं. तेव्हा तिनं सुरी टेबलावर ठेवली, टाक्यांवर एक हात दाबला आणि सरळ उभी राहिली.

"मी! मी भिंगरी. माझं नाव आहे ते. आज माझा वाढदिवस आहे."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. जावई बाळाला छातीशी धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच, नवीन शब्द म्हणून बघावा तसं म्हणाला, "भिंगरी?"

"ओ," ती म्हणाली. बाळ जावयाच्या हातात कुरकुरलं, पण तिनं हात पुढे केला तो बाळाकडे नाही. विहीणबाईंच्या हातातली पाटी तिनं सरळ काढून घेतली. "अगं, ती ठेवायची होती, पिल्लाची..." विहीणबाई म्हणेपर्यंत कडकन आवाज झाला आणि 'बेस्ट' तिच्या तोंडात गेलं. मग 'मम्मीला'. मग बाकीचं.

मला ओरडायला पाहिजे होतं, वागणूक बघा पोरीची! सवयीनं माझा हात फटका द्यायला उठलाही. तो मी मागे घेतला.

तोंड भरलेलं असतानाच, ओठांना चॉकलेट लागलेलं, तिनं माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "आज मी एक बेस्ट मम्मी खाल्ली."